फ्लॅश मारला की नवरीचा चेहरा पांढरा पडतो, त्यावर काय करायचं: नवीन फोटोग्राफरसाठी

समोर उभी असते तेव्हा नवरीचा मेकअप अगदी सुंदर दिसत असतो, पण फ्लॅशचा फोटो काढला की कपाळ, डोळ्यांखालचा भाग, नाकाचा दांडा आणि हनुवटी पांढरट येते, कधी कधी तर राखाडीच, आणि मान आणि हात बघितले तर ते दुसऱ्याच कुणाचे वाटतात. याला मेकअपवाल्या ताया फ्लॅशबॅक म्हणतात. मुंबईतली बहुतेक लग्नं हॉलमध्ये होतात, मुहूर्त कधी सकाळचा कधी गोरज, उजेड असतो तो पिवळ्या एलईडीचा, त्यामुळे फ्लॅश टाळून भागत नाही. म्हणून फ्लॅश ठेवूनच हा पांढरेपणा कसा कमी करायचा ते सांगतो. स्टेजवरचा नाहीतर खुर्चीवरचा नवरीचा एकटीचा पोर्ट्रेट एवढंच डोळ्यासमोर ठेवा, ग्रुप फोटोचं गणित वेगळं असतं.

आधी पांढरेपणा येतो कुठून ते समजून घ्या, कारण उपाय त्यावरच ठरतो. चेहऱ्यावर दोन प्रकारचे पांढरे कण असतात. एक म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड, हे मिनरल सनस्क्रीनमध्ये असतात, एसपीएफ लिहिलेल्या बऱ्याच प्रायमर आणि बेसमध्ये असतात. दुसरा म्हणजे सिलिका, ती बारीक पांढरी पावडर जी मेकअप सेट करायला वरून मारतात आणि "ट्रान्सल्यूसंट आहे, दिसत नाही" असं सांगतात. हातावर घेऊन चोळली तर खरंच दिसत नाही. पण फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसलेला असतो, लेन्सच्या अगदी जवळ, तो एकाच क्षणी समोरून जोरात उजेड टाकतो आणि कणांवर आपटून जो उजेड आलेल्या वाटेने मागे फिरतो तो सरळ लेन्समध्ये शिरतो. हॉलचा उजेड चारी बाजूंनी येतो, म्हणून डोळ्यांना तेच कण जाणवत नाहीत.

आता या दोघांत एक मोठा फरक आहे आणि तो कामाचा आहे. सिलिकाचा कण कोरडा असतो तेव्हा त्याच्या आजूबाजूला हवा असते, हवेत आणि सिलिकात उजेड वळण्याचं प्रमाण खूप वेगळं, म्हणून तो पांढरा दिसतो. पण त्याच कणाभोवती त्वचेचं तेल किंवा ओलावा आला की फरक जवळजवळ संपतो, कारण सिलिकाचा अपवर्तनांक साधारण 1.46 आणि तेलाचाही त्याच्या आसपासच. पांढरं सुती कापड भिजलं की आरपार दिसायला लागतं ना, तसंच होतं. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक मात्र 2.5 च्या वर असतो, तो तेलात बुडवा नाहीतर पाण्यात, पांढराच राहणार. म्हणजे पावडरीचा पांढरेपणा ओलाव्याने जातो आणि सनस्क्रीनचा जात नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर मेकअप रूममध्ये पाच मिनिटांत ठरवता येतं की करायचं काय.

पहिलं काम: मेकअप रूममध्येच टेस्ट

स्टेजवर गेल्यावर कळून काही उपयोग नाही, तिथे गुरुजी घाई करत असतात आणि मामा मुलीला न्यायला उभे असतात. मेकअप संपायला पंधरावीस मिनिटं असतील, दागिने घालणं चालू असेल, तेव्हा जाऊन दोन फोटो घ्या. त्याच्याही आधी, शक्य असेल तर मेकअप सुरू व्हायच्या आधी, खिडकीजवळ फ्लॅशशिवाय एक साधा क्लोजअप घेऊन ठेवा, चेहरा आणि मान दोन्ही दिसतील असा. हा फोटो कुणाला द्यायचा नाही, तो एडिटिंगच्या वेळी तिचा खरा रंग बघायला लागतो.

टेस्टचे दोन फोटो असे: नवरी तिथेच बसलेली, एक फोटो खोलीच्या उजेडात फ्लॅशशिवाय, आणि लगेच दुसरा फ्लॅश सरळ तिच्या तोंडावर. दोन्ही रॉमध्ये. मग स्क्रीनवर चेहरा मोठा करून बघा, कपाळ आणि मान शेजारी शेजारी. फ्लॅशशिवायच्या फोटोत चेहरा आणि मान सारखे, आणि फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरा, असं असेल तर तो फ्लॅशबॅक. दोन्ही फोटोंत चेहरा मानेपेक्षा गोरा असेल तर तो फ्लॅशबॅक नाही, तिथे फाउंडेशनची शेडच हलकी लावलीय. आपल्याकडे हे खूप होतं, "नवरी उजळ दिसली पाहिजे" म्हणून घरचेच आग्रह करतात आणि आर्टिस्ट दोन शेड वर जातात. माझं स्पष्ट मत आहे की मुलीचा जो रंग आहे तोच छान दिसतो आणि फोटोतही तोच टिकतो. पण ते बदलायचं तर मान, कान आणि हातांवर मेकअप जुळवून घ्यायला लागतो, ते काम आर्टिस्टचं आहे, फ्लॅश फिरवून ते होणार नाही.

अजून एक गफलत हळदीची होते. हळद आदल्या दिवशी झालेली असेल तर मान आणि हात पिवळसर असतात, त्यामुळे नीट केलेला चेहराही बाजूला फिका वाटतो. म्हणून फक्त मानेवरून ठरवू नका, कानाची पाळी आणि दंडाची आतली बाजू पण बघा.

तिसरी गोष्ट म्हणजे नुसतं ओव्हरएक्सपोजर. यात नवीन मुलं हमखास फसतात आणि दोष मेकअपला जातो. हिस्टोग्राम उघडा, पण साधा पांढरा नाही, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवतो तो. आपल्या त्वचेत लाल जास्त असतो त्यामुळे एक्सपोजर जास्त झालं की लाल आधी उजव्या भिंतीला जाऊन आपटतो. तो कापला गेला की हिरवा आणि निळा तसेच वर चढत राहतात आणि त्वचेतला तांबूसपणा जाऊन ती फिकट पिवळट पांढरी होते. साधा हिस्टोग्राम मात्र सगळं ठीक असल्यासारखं दाखवतो. फ्लॅश एक स्टॉप कमी करून परत एक फोटो घ्या. कपाळाचा रंग परत आला तर चूक उजेडाची होती. चेहरा गडद झाला तरी कपाळ आणि डोळ्यांखाली मानेच्या मानाने पांढरा पट्टा तसाच राहिला तर तो मेकअपचा.

आणि घामाची चमक वेगळी ओळखायची. चमक टोकदार असते, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या उंचवट्यावर ठिपका असतो आणि तुम्ही जागा बदलली की तो सरकतो. फ्लॅशबॅक पसरट असतो, कोरडा असतो आणि जागेवरच राहतो.

दुसरं काम: ताईंशी बोलणं

इथे नीट वागा. मेकअप आर्टिस्ट पहाटेपासून उभ्या असतात आणि तुम्ही येऊन "मेकअप पांढरा येतोय" असं नवरीसमोर बोललात तर नवरी रडवेली होते आणि ताई चिडतात, दोन्ही नको. बाजूला घेऊन कॅमेऱ्याची स्क्रीन दाखवा आणि विचारा, "ताई, फ्लॅशमध्ये कपाळावर थोडं पांढरं दिसतंय, वरून कुठली पावडर मारलीय? बेसमध्ये एसपीएफ आहे का?" चांगल्या आर्टिस्टला एवढ्यावर सगळं कळतं.

मग क्रम असा ठेवायचा. आधी मऊ, मोठा, कोरडा आणि स्वच्छ ब्रश घेऊन जादा पावडर झटकायची, घासायची नाही, वरवर हलकं फिरवायचं, विशेषतः डोळ्यांखाली, कारण तिथे बेकिंग करतात म्हणजे पावडरीचा जाड थर ठेवून देतात आणि फ्लॅशमध्ये पांढरा चंद्र दिसतो तो तिथलाच. नंतर सेटिंग स्प्रे, हातभर लांबून, दोन-तीन फवारे, डोळे मिटून. मग ओलसर पण पिळून काढलेल्या ब्लेंडिंग स्पंजने दाबून दाबून बसवायचं. दोन-तीन मिनिटं वाळू द्या, कारण ओलं असताना फोटो घेतलात तर सगळंच छान दिसेल आणि पाणी उडाल्यावर पांढरं परत येऊ शकतं. वाळल्यावर तोच फ्लॅशचा फोटो पुन्हा घ्या, त्याच जागेवरून, त्याच सेटिंगला.

पांढरेपणा बराच गेला असेल तर पावडरच होती, काम झालं. जराही गेला नसेल तर तो खालच्या थरातला आहे, सनस्क्रीन किंवा एसपीएफवाला बेस, आणि तो आता काढायचा म्हणजे चेहरा धुवून पुन्हा सुरुवात, एवढा वेळ मुहूर्ताआधी कुणाकडे नसतो. अशा वेळी ताई चेहऱ्याच्या रंगाची दाबलेली पावडर, पांढरी नाही, रंगाची, अगदी पातळ हाताने कपाळ आणि डोळ्यांखाली लावू शकतात. तिच्यात आयर्न ऑक्साइडचे पिवळे-तांबडे रंग असतात ते पांढरेपणा थोडा मारतात. बाकीचं तुमच्या फ्लॅशने सांभाळायचं.

बाटलीमागचं लेबल वाचून निकाल लावू नका हं. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ प्रत्येक फाउंडेशनमध्ये रंग म्हणून असतोच, सोबत आयर्न ऑक्साइड असतो म्हणून तो जुळून जातो. किती आहे आणि वर काय लावलंय ते लेबलवरून कळत नाही, टेस्ट फोटोवरूनच कळतं. ट्रायलच्या दिवशी ही टेस्ट करायला मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही, तेव्हा बेस बदलता येतो. मोबाईलचा फ्लॅश लावून बघितलं तरी अंदाज येतो कारण तो लेन्सला चिकटूनच असतो, फक्त ब्युटी मोड बंद ठेवा, नाहीतर मोबाईल स्वतःच चेहरा गोरा करून दाखवतो.

तिसरं काम: फ्लॅश लेन्सपासून लांब न्यायचा

तुमच्या हातातला सगळ्यात मोठा उपाय हाच. उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूला तुमची लेन्स नको. फ्लॅशचं डोकं फिरवून पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारलं की उजेड मोठा होऊन बाजूने येतो, आणि कणांवरून मागे फिरणारा बराचसा उजेड भिंतीकडे जातो. पांढरेपणा पूर्ण जात नाही हे आधीच सांगतो, टायटॅनियम सगळीकडेच उजेड फेकतं, पण फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

छतापेक्षा मी बाजूची भिंत घेतो. छतावरून आलेला उजेड नवरीच्या भुवयांखाली सावली पाडतो, मुंडावळ्यांची सावली गालांवर येते, नथीची ओठांवर. तुमच्या मागे डावीकडे किंवा उजवीकडे पांढरी भिंत असेल तर डोकं तिकडे वळवा, थोडं वर. पण भिंतीचा रंग बघा. दादर-गिरगावच्या जुन्या हॉलमध्ये भिंती बऱ्याचदा पिवळट किंवा हिरवट रंगवलेल्या असतात आणि मंडपवाले लाल-केशरी कापडं लावतात, त्यावर बाउन्स केलंत तर तोच रंग चेहऱ्यावर येणार आणि तो पांढऱ्यापेक्षा काढायला कठीण. भिंत मिळाली नाही किंवा लॉनवर असाल जिथे भिंतच नाही, तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, साधा रेडिओ ट्रिगर लावा आणि असिस्टंटच्या हातात छत्री नाहीतर 60 सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स द्या, नवरीपासून दीड मीटरवर, 45 अंशात, डोळ्यांच्या उंचीपेक्षा जरा वर. फ्लॅशवर बसवायची प्लास्टिकची पांढरी टोपी असते, तिच्यावर फार विसंबू नका. आजूबाजूला पांढरं काही असेल तर ती उजेड पसरवायला मदत करते, पण मोकळ्या जागेत तिचा जो उजेड चेहऱ्यावर पोचतो तो सरळच पोचतो, लेन्सच्या शेजारूनच.

एका हॉलचं उदाहरण घेऊ. स्टेजवर लाल मखमलीचा पडदा, पिवळसर एलईडी, नवरी सोफ्यावर बसलेली. नवीन मुलगा काय करतो, f/5.6, 1/200, आयएसओ 200, फ्लॅश टीटीएलवर सरळ. फोटोत मागे काळोख, आणि चेहरा पांढरा. कारण दोन आहेत. या सेटिंगला हॉलचा उजेड फोटोत येतच नाही, चेहऱ्यावर जो काही उजेड आहे तो सगळा फ्लॅशचा, समोरून. आणि टीटीएलला मागचा गडद पडदा दिसतो, त्याला वाटतं अंधार आहे, तो अजून जोर लावतो.

आता तेच असं करा. फ्लॅश बंद. f/2.8, 1/100, आयएसओ 1600, एक फोटो घ्या. 1/100 यासाठी की आपली वीज 50 हर्ट्झची, एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि या स्पीडला पट्टे येण्याची शक्यता कमी. फोटोत चेहरा साधारण एक स्टॉप कमी उजळ दिसला पाहिजे, जास्त अंधार असेल तर आयएसओ 3200 करा, आजकालच्या कॅमेऱ्यांना चालतं. एक स्टॉप कमी म्हणजे हवा त्याच्या अर्धा उजेड हॉलने दिला, उरलेला अर्धाच फ्लॅशने द्यायचाय. आता फ्लॅश चालू करून बाजूच्या भिंतीवर मारा, फ्लॅश कॉम्पेन्सेशन वजा 2/3 वर. लाल चॅनल बघा, कपाळावर तो हिस्टोग्रामच्या उजव्या भिंतीला लागत नाही ना. लागत असेल तर वजा 1. पावडरीवर आता अर्धा उजेड चारी बाजूंनी पडतोय आणि अर्धा बाजूने, समोरून असा कुठूनच जोरात येत नाही, त्यामुळे पांढरट थर उठून दिसत नाही आणि मागचा लाल पडदाही जिवंत राहतो. दोघांचा एकत्र फोटो असेल तर f/4 ला जा आणि आयएसओ वाढवा.

यात एक रंगाचा भाग राहतो. फ्लॅशचा उजेड साधारण 5500 केल्विनचा, पांढरा-निळसर, आणि हॉलचे दिवे 3000 च्या आसपासचे. व्हाइट बॅलन्स हॉलला जुळवलात तर फ्लॅश पडलेला भाग निळसर राखाडी येतो, आणि मेकअपवर तो अजूनच मेल्यासारखा दिसतो. बरेच जण ज्याला पांढरेपणा म्हणतात त्यातला अर्धा हाच असतो. फ्लॅशच्या तोंडावर अर्ध्या सीटीओची नारिंगी पट्टी लावा, म्हणजे फ्लॅश 3800 च्या जवळ येतो, आणि कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स 3800 ते 4000 वर हाताने ठेवा, ऑटो नको. पट्टीमुळे अर्ध्या स्टॉपच्या आसपास उजेड कमी होतो, तेवढा टीटीएल भरून काढतं. हॉलमध्ये दिवे पांढरे थंड असतील तर पट्टी काढून ठेवा, उगाच नवरी केशरी व्हायची.

विधी चालू असताना

सकाळी जमवलेलं दुपारपर्यंत टिकत नाही, मुंबईचा दमटपणा आणि होमाची धग, नवरी घामाघूम होते आणि कुणीतरी मावशी पर्समधून कॉम्पॅक्ट काढून मारते. घामावर थर, थरावर घाम, मग सप्तपदीच्या फोटोत कपाळ ठिपक्याठिपक्याने पांढरं. ताईंना किंवा करवलीला आधीच सांगून ठेवा की पावडर मारायच्या आधी टिश्यू किंवा ब्लॉटिंग पेपर नुसता दाबून तेल-घाम टिपायचा, बहुतेक वेळा एवढंच पुरतं. पावडर लागलीच तर रंगाची, पांढरी नाही.

मंगलाष्टकांच्या वेळी जपा. अंतरपाट पांढरा असतो आणि नवरीच्या अगदी तोंडासमोर, तुम्ही तिच्या बाजूला उभं राहून फ्लॅश मारलात तर तो अंतरपाटावर आपटून सरळ तिच्या चेहऱ्यावर येतो आणि एक्सपोजर एकदम चढतं. तेव्हा फ्लॅश अजून अर्धा स्टॉप खाली घ्या. जमलं तर अंतरपाट मुद्दाम वापरा, त्यावरून येणारा उजेड मोठा आणि मऊ असतो.

एडिटिंगमध्ये किती करता येतं

रॉ असेल आणि लाल चॅनल कापला गेला नसेल तरच इथे काही हाती लागतं. कापला गेला असेल तर तिथे रंगाची माहितीच नसते, हायलाइट्स खाली ओढून फक्त राखाडी मिळतं.

पूर्ण फोटोचा रंग बदलू नका, नाहीतर शालू आणि हिरवा चुडा दोन्ही बिघडतात. आधी व्हाइट बॅलन्स साडीच्या किंवा अंतरपाटाच्या पांढऱ्यावरून नीट करा. मग लाइटरूममध्ये ब्रश मास्क घेऊन फक्त पांढरे झालेले भाग रंगवा, कपाळाचा मधला भाग, डोळ्यांखाली, नाकाचा दांडा, हनुवटी. कडा खूप मऊ ठेवा. एक्सपोजर वजा 0.2 ते 0.4, टेम्परेचर जरा पिवळ्याकडे, 5 ते 10, टिंट अगदी थोडा मजेंटाकडे, सॅच्युरेशन 5 ते 8. एवढंच. कॉन्ट्रास्ट आणि डीहेझ चेहऱ्यावर लावू नका, पावडरीचा एक एक कण वर येतो. करताना शेजारी तो सकाळचा खिडकीजवळचा फोटो उघडा ठेवा आणि त्याच्या कपाळाशी जुळवा, मानेशी नाही, मानेवर हळद आहे.

जुळलं की नाही ते बघायला फोटो लहान करा, अंगठ्याएवढा. मोठ्या फोटोत डोळा फसतो, लहान केल्यावर चेहरा मानेपासून सुटा दिसतोय का ते लगेच कळतं. सुटा दिसत असेल तर ब्रशचं प्रमाण अजून वाढवू नका, त्यापेक्षा मानेवर आणि कानांवर वेगळा मास्क घेऊन तिथली पिवळी छटा थोडी कमी करा, दोघं मध्ये भेटतात. अल्बमला टाकायच्या आधी त्याच लॅबकडून दोन क्लोजअपचे छोटे प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा, कारण स्क्रीन कागदापेक्षा उजळ असते आणि स्क्रीनवर बरोबर वाटलेला चेहरा कागदावर बऱ्याचदा गडद येतो, मग वजा 0.4 चं वजा 0.2 करायला लागतं.